फडकत्या फलकावरची नवी अक्षरे

मिरवणुकीच्या अग्रभागी दोन बांबूंना बांधलेला भगवा कापडी फलक, वाऱ्याने फुगलेला, त्यावर पांढरी ठळक अक्षरे. गणेशोत्सव मंडळांच्या अहवालांवर आणि आमंत्रणपत्रिकांवर असे छायाचित्र नेहमी दिसते. बहुतेक वेळा छायाचित्र गेल्या वर्षीचे असते आणि अक्षरे यंदाची, कारण उत्सव व्हायचा असतो आणि पत्रिका आधी छापायची असते. मंडळाच्या ओळखीतला कोणीतरी संगणकावर बसतो, जुना मजकूर पुसतो, नवा टाकतो. पत्रिका हातात आल्यावर मात्र काहीतरी खटकते. कापड लाटांवर लाटा घेते आहे आणि अक्षरे इस्त्री केल्यासारखी ताठ उभी आहेत.

देवनागरीत ही चूक अधिक उघडी पडते. रोमन अक्षरे सुटी असतात. ती कापडाबरोबर थोडी कमी वाकली, तरी चालून जाते. आपल्या शब्दाच्या डोक्यावर एक सलग आडवी रेघ असते. वाऱ्यावरच्या कापडावर ती सरळ राहूच शकत नाही, आणि सरळ राहिली की सगळे बिंग फुटते. हीच शिरोरेषा काम करणाऱ्याच्या मदतीलाही येते. जुन्या मजकुराची रेघ कापडाबरोबर खरोखर वाकलेली असते. कापड कुठे किती पुढे आले आहे आणि कुठे मागे गेले आहे, याची नोंद छायाचित्रात आधीपासूनच असते. घाईने पहिल्याच मिनिटाला जुना मजकूर पुसणारा माणूस ही नोंदही पुसून टाकतो.

एक उदाहरण घेऊ. ६००० गुणिले ४००० पिक्सेलचे छायाचित्र आहे. फलकाने त्यात सुमारे ३००० पिक्सेलची रुंदी व्यापली आहे आणि अक्षरे ३०० पिक्सेल उंच आहेत. वरच्या ओळीत मंडळाचे नाव आहे, ते तसेच ठेवायचे. खालच्या ओळीत ‘वर्ष ७४ वे’ आहे, तिथे ‘अमृतमहोत्सवी वर्ष’ हवे आहे. ऊन डावीकडून येते आहे. काम फोटोशॉपमध्ये करायचे आहे.

सुरुवातीला पेन टूल घेऊन वरच्या ओळीची शिरोरेषा आणि अक्षरांचे तळ यांवरून दोन मार्ग आखून ठेवावेत. खालच्या ओळीत ‘वर्ष’ आणि ‘वे’ यांच्या डोक्यावरची रेघही आखावी. मधल्या आकड्यांना शिरोरेषा नसते, त्यामुळे तेवढी जागा वरच्या ओळीवरून अंदाजाने भरून काढावी लागते. या आखलेल्या रेघा नीट पाहिल्या, तर एक गोष्ट लक्षात येते. कापडाच्या वळ्या उभ्या आहेत, तरी आडवी रेघ वरखाली होते आहे. याचे कारण कॅमेऱ्याच्या जागेत आहे. फलक माणसांच्या डोक्यावर आणि छायाचित्रकार खाली रस्त्यावर असतो. खालून वर पाहताना कापडाचा जो भाग आपल्याकडे पुढे आला आहे, तो चित्रात थोडा वर सरकलेला दिसतो, आणि मागे गेलेला भाग खाली. म्हणून शिरोरेषा लाटेसारखी दिसते. हेच छायाचित्र समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरून, अगदी फलकाच्या उंचीवरून काढले असते, तर रेघ जवळजवळ सरळ आली असती आणि वळ्यांवर फक्त अक्षरांची रुंदी कमीजास्त झाली असती. म्हणजे अक्षरे किती वाकवायची, हे कापडाइतकेच कॅमेऱ्यावरही ठरते. मूळ छायाचित्रातली रेघ या दोन्हींचा हिशेब आयताच देते.

आता जुना मजकूर काढायचा. बहुतेक जण इथे क्लोन स्टॅम्प उचलतात आणि शेजारचे कापड अक्षरांवर छापत जातात. त्याने अक्षरे जातात, पण त्यांच्याखालच्या वळ्याही जातात आणि त्या जागी शेजारच्या वळ्यांचे तुकडे येतात. भगव्या कापडावरच्या पांढऱ्या अक्षरांसाठी याहून चांगला मार्ग आहे. रंगीत छायाचित्र म्हणजे लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाच्या तीन करड्या प्रतिमा असतात. त्यांना चॅनेल म्हणतात. पांढरा रंग तिन्हींत उजळ असतो. भगवा हिरव्यात मध्यम, निळ्यात काळपट, पण लालमध्ये जवळपास पांढऱ्याइतकाच उजळ असतो. त्यामुळे Channels पॅनेलमध्ये फक्त Red उघडला, की अक्षरे जवळजवळ नाहीशी होतात आणि नुसत्या कापडाचा, त्याच्या वळ्यांचा आणि सावल्यांचा करडा फोटो समोर येतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही जादूच वाटते. निळा चॅनेल उघडला, तर अगदी उलट होते आणि अक्षरे काळ्या फळ्यावर लिहिल्यासारखी उठून दिसतात. ती निवडून घ्यायला तो उपयोगी पडतो.

या लाल चॅनेलवर पुढचे सगळे काम उभे आहे, म्हणून तो आधी तपासून घ्यावा. भर उन्हातले भगवे कापड लाल चॅनेलमध्ये सहज करपते, म्हणजे उजळ भागात सगळीकडे २५५ हाच आकडा येतो आणि वळ्यांचा मागमूस राहत नाही. हिस्टोग्राममध्ये लाल रेषा उजव्या कडेला भिंतीसारखी उभी दिसली, तर हे झाले आहे असे समजावे. छायाचित्र कॅमेऱ्याच्या रॉ स्वरूपात असेल, तर एक्स्पोजर कमी करून पुन्हा उघडले की बरेच परत मिळते. मोबाइलवरून व्हॉट्सॲपने आलेल्या जेपीईजीत मात्र जे गेले ते गेले. तिथे हिरव्या चॅनेलवर आणि हाताच्या दुरुस्तीवर भागवावे लागते, आणि खरे सांगायचे तर दुसरे छायाचित्र मागवणे स्वस्त पडते.

लाल चॅनेल चांगला असेल, तर त्याची प्रत नव्या लेयरवर चिकटवावी, त्यावर भगव्या रंगाचा Solid Color लेयर Multiply मोडमध्ये ठेवावा आणि दोन्ही फक्त जुन्या अक्षरांच्या आकारापुरते दिसतील असा मास्क लावावा. मास्क अक्षरांच्या कडेपेक्षा तीन-चार पिक्सेल मोठा हवा, नाहीतर पांढरी किनार मागे राहते. करड्या वळ्यांवर भगवा रंग चढतो आणि अक्षरांच्या जागी त्यांच्याच खालचे कापड उभे राहते. अगदी फिकट अक्षरांची सावली उरतेच, कारण पांढरा रंग लाल प्रकाश कापडापेक्षा किंचित जास्त परावर्तित करतो. ती हीलिंग ब्रशने करड्या लेयरवरच पुसावी. तिथे रंग जुळवण्याची कटकट नसते. भगवा मात्र सगळीकडे एकच घेऊन चालत नाही. वळ्यांच्या खोलात समोरासमोरच्या दोन भगव्या बाजू एकमेकींवर प्रकाश टाकतात, त्यामुळे तिथला रंग नुसता काळवंडत नाही, तो अधिक लालसर होतो. आयड्रॉपरने उजेडातला एक आणि सावलीतला एक असे दोन रंग उचलले, की पुसलेली जागा ओळखू येत नाही.

नवा मजकूर टाइप करताना देवनागरीच्या माणसाला एक जास्तीचा अडथळा असतो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमधल्या Type विभागात दक्षिण आशियाई लिपींची सोय निवडलेली नसेल, तर युनिकोड मजकुरात ‘त्स’ फुटतो, ‘मृ’चा ऋकार भलतीकडे जातो आणि ‘र्ष’वरचा रफार सुटतो. ते आधी पाहावे. वरची ओळ पेंटरने हाताने रंगवलेली असेल, तर कोणताही फाँट तिच्याशी तंतोतंत जुळणार नाही. अशा वेळी जुन्या ओळीतला ‘वर्ष’ हा शब्द तसाच उचलून सरळ करून वापरणे आणि बाकीची अक्षरे त्याच्या जाडीची काढून घेणे बरे. लिहून झाले, की मजकूर स्मार्ट ऑब्जेक्ट करून ठेवावा, म्हणजे पुढची वाकवावाकवी केव्हाही बदलता येते.

आता खरे काम. ते दोन टप्प्यांत करायचे असते आणि इथेच बहुतेकांचे गणित चुकते. इंटरनेटवरचे धडे सगळा भार Displace या एका फिल्टरवर टाकतात. तो फिल्टर बारीक चुण्यांसाठी आहे. मोठ्या लाटा हातानेच द्याव्या लागतात. Edit > Transform > Warp उघडून जाळी घ्यावी, वळ्यांच्या माथ्यावर आणि खोलात उभ्या रेघांनी ती विभागावी आणि सुरुवातीला आखलेल्या मार्गांशी नवी शिरोरेषा समांतर होईपर्यंत बिंदू ओढावेत. आपल्या उदाहरणात जुनी रेघ सरळ ओळीपासून सुमारे ४० पिक्सेल वरखाली जाते. तेवढे अंतर इथेच मिळवायचे. जिथे कापडाची बाजू आपल्यापासून तिरकी वळली आहे, तिथे जाळीचे खण अरुंद करावेत, म्हणजे त्या भागातले अक्षर आपोआप दाटते. ‘महोत्सवी’मधला ‘म’ मोकळा आणि लगेच पुढचा ‘हो’ आवळलेला, असे दिसायला हवे.

मग बारीक चुण्या. त्यासाठी Filter > Distort > Displace. हा फिल्टर एका करड्या चित्राकडे पाहतो आणि त्यातल्या उजेड-अंधाराप्रमाणे अक्षरांचे पिक्सेल सरकवतो. १२८ हा मधला करडा म्हणजे हालचाल शून्य. त्याहून उजळ जागी पिक्सेल एका दिशेला सरकतात, त्याहून गडद जागी उलट दिशेला. प्रमाण १०० टक्के ठेवले, तर जास्तीत जास्त सरक १२८ पिक्सेल, म्हणजे १० ठेवले तर जेमतेम १३. नकाशा म्हणून आपला लाल चॅनेलच वेगळ्या फाईलमध्ये घ्यायचा, ग्रेस्केल करायचा आणि सपाट पीएसडी म्हणून साठवायचा. त्याचा आकार मूळ छायाचित्राइतकाच हवा, कापून लहान केलेला नको, नाहीतर चुण्या भलत्याच जागी पडतात.

साठवण्याआधी त्यावर दोन संस्कार लागतात. पहिला, गॉसियन ब्लर. कापडाचा धागा नकाशात राहिला, तर फिल्टर प्रत्येक धाग्याला चुणी समजतो आणि अक्षरांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या होतात. आपल्या आकाराच्या चित्रात ७-८ पिक्सेलचा ब्लर पुरतो. धागे दिसेनासे व्हावेत आणि चुण्या दिसत राहाव्यात, एवढेच पाहायचे. दुसरा, Levels. भगव्या कापडाच्या फोटोत करडे आकडे अनेकदा थोड्याशाच पट्ट्यात असतात. समजा १०० ते १६०. १० टक्क्यांवर त्याने अक्षर तीनच पिक्सेल हलेल, आणि काही झालेच नाही असे वाटून माणूस प्रमाण वाढवत सुटतो. Levels ने तोच पट्टा ४० ते २१५ पर्यंत ताणला, तर सरक आठ-नऊ पिक्सेल मिळते. चुण्यांसाठी तेवढी पुरे.

फिल्टरच्या चौकटीत Horizontal आणि Vertical असे दोन आकडे असतात. एकाच करड्या चित्राचा नकाशा असेल, तर दोन्ही आकडे मिळून अक्षर तिरके सरकते. उभ्या वळ्यांच्या फलकात Horizontal ला ० आणि Vertical ला १० देऊन पाहावे. लाट उलटी आली, म्हणजे माथ्यावर रेघ खाली आणि खोलात वर गेली, तर आकड्याआधी उणे चिन्ह द्यावे.

याहून एक सूक्ष्म गफलत असते आणि ती फार कमी जणांना ठाऊक असते. फिल्टर उजेडाला उंची समजतो. पण कापडावर उजेड पडतो तो उतारावर. ऊन डावीकडून आले, की वळीची डावी बाजू उजळते, उजवी काळवंडते आणि खरा माथा त्या दोहोंच्या मध्ये, मध्यम करड्यात असतो. त्यामुळे फिल्टरने काढलेली लाट खऱ्या लाटेच्या डावीकडे, सुमारे पाव लाट अलीकडे पडते. पाहणाऱ्याला अक्षरे वाकलेली दिसतात, तरी ती कापडावर बसल्यासारखी वाटत नाहीत, आणि का ते सांगता येत नाही. ओळखायची खूण अशी: रेघेचा सर्वांत उंच बिंदू सर्वांत उजळ पट्ट्यावर येतो आहे का, ते पाहावे. येत असेल, तर नकाशाच्या फाईलमध्ये Filter > Other > Offset ने चित्र उजवीकडे सरकवावे. चुण्यांमधले अंतर १६० पिक्सेल असेल, तर ४० पिक्सेल. ऊन उजवीकडून असेल, तर डावीकडे. अगदी समोरून उजेड असलेल्या फोटोत, ढगाळ दिवशी किंवा फ्लॅशच्या प्रकाशात, दोन्ही उतार सारखेच दिसतात. तिथे हा उपाय चालत नाही आणि चुण्याही Warp नेच द्याव्या लागतात.

ज्या जागी कापड स्वतःवरच दुमडले आहे, तिथे यांतले काहीही कामाचे नाही. दोन बांबूंपैकी एक जण जरा आत आला, की फलकाला मध्येच घडी पडते आणि तिच्यात अक्षराचा काही भाग गडप होतो. फिल्टर पिक्सेल सरकवतो, लपवत नाही. म्हणून घडीच्या अलीकडचा आणि पलीकडचा मजकूर वेगवेगळ्या लेयरवर घ्यावा, दोन्हींना घडीच्या कडेवर मास्क लावावा, आणि जेवढे कापड आत गेले आहे तेवढी अक्षराची रुंदी खरोखर खाऊन टाकावी. ‘वी’ची वेलांटी अर्धी दिसेनाशी झाली तर होऊ द्यावी. पत्रिका करणाऱ्यांचा जीव इथे कासावीस होतो, कारण प्रत्येक अक्षर पूर्ण वाचता यावे असे मंडळाला वाटते. पण घडीवरून सुखरूप पार झालेले अखंड अक्षर म्हणजे बनावटीची जाहीर कबुलीच असते. अर्ध्याहून जास्त अक्षर घडीत जात असेल, तर मजकूर थोडा डावी-उजवीकडे सरकवावा. तेही जमत नसेल, तर ते छायाचित्र या कामाचे नाही.

आकार बसला, की उजेड. लाल चॅनेलची आणखी एक प्रत अक्षरांच्या वर ठेवून त्यांनाच क्लिप करावी आणि Multiply करावी. तिची उजळ टोके Levels ने जवळजवळ पांढरी करावीत, नाहीतर सगळी अक्षरे मळकट होतात. म्हणजे कापड पुसायला, चुण्यांचा नकाशा करायला आणि सावली द्यायला एकच चॅनेल वापरला गेला. या कामात सुसंगती येते ती त्यामुळे. अक्षरांचा रंग मात्र शुद्ध पांढरा ठेवू नये. आयड्रॉपर वरच्या ओळीवर फिरवला, तर कळते की उन्हातले पांढरे किंचित पिवळसर आहे आणि खोलातले पांढरे चक्क नारिंगी झाक घेऊन आहे, कारण आजूबाजूच्या भगव्या कापडाचा उजेड त्यावर पडतो. सावलीतल्या अक्षरांवर मऊ ब्रशने तो रंग थोडा चढवावा. हे नसेल, तर बाकी सगळे बरोबर असूनही अक्षरे कापडाच्या अर्धा इंच पुढे तरंगतात.

शेवटी धार. संगणकाने काढलेली कड छायाचित्रातल्या कोणत्याही कडेपेक्षा तीक्ष्ण असते. वरच्या ओळीच्या कडेशी शंभर टक्के आकारावर ताडून पाहावे आणि साधारण अर्धा ते एक पिक्सेलचा ब्लर द्यावा. वाऱ्याने जोरात हलणारे टोक अस्पष्ट आले असेल, तर तिथल्या अक्षरांना त्याच दिशेचा मोशन ब्लर लागेल. छायाचित्रात दाणा असेल, तर अक्षरांतही तेवढाच दाणा हवा. फोटोशॉप नसेल त्यांनी फुकट मिळणारे गिम्प वापरावे. त्यात Filters > Map > Displace आहे आणि तिथे सरक टक्क्यांऐवजी थेट पिक्सेलमध्ये देता येते.

हे सगळे ज्याला कळले, त्याला दुसऱ्याची बनावटही पकडता येते. मोर्च्यातल्या एखाद्या फलकावर भलतीच घोषणा असलेले चित्र मोबाइलवर येते, तेव्हा ते मोठे करून आधी शिरोरेषेवर बोट फिरवावे. ती त्याच फलकावरच्या दुसऱ्या ओळीला समांतर वाकते आहे का? घडीत अक्षर हरवते आहे का? सावलीतले पांढरे अक्षर कापडाचा रंग घेते आहे का? अक्षरांमधून धागा दिसतो का? यांतली एखादी गोष्ट चुकलेली असेल, तर संशय घ्यायला जागा आहे. सगळ्या बरोबर असल्या, तरी चित्र खरेच आहे असा दाखला त्यातून मिळत नाही. हात कुशल होता, एवढीही शक्यता उरतेच. म्हणून पत्रिकेसाठी केलेला बदल पत्रिकेपुरताच राहावा. तेच चित्र पुढे बातमीसाठी किंवा मंडळाच्या इतिहासासाठी गेले, तर न झालेल्या मिरवणुकीचा पुरावा तयार होतो. मूळ फाईल वेगळी जपावी आणि बदललेल्या चित्राखाली तसे छापावे.

आणि सराव करायचा, तर तिरंग्याच्या छायाचित्रावर करू नये. त्याचे तीन पट्टे तीन वेगळ्या उजेडाचे असल्याने नकाशा सीमेवर अक्षर उडवतो, ही झाली तांत्रिक अडचण. दुसरी कायद्याची आहे. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानास प्रतिबंध करणाऱ्या १९७१ च्या कायद्यात राष्ट्रध्वजावर कोणताही मजकूर लिहिणे हा ध्वजाचा अनादर ठरवलेला आहे, आणि त्या कायद्याखालची शिक्षा तीन वर्षांपर्यंतचा कारावास किंवा दंड किंवा दोन्ही अशी आहे.